सोळा दिवस, एक बस, बेचाळीस पोटं

डॉक्टर, नमस्कार. मी दरवर्षी बसने नर्मदा परिक्रमा नेतो. यंदा 42 जण आहेत, बहुतेक साठीच्या पुढचे. 16 दिवसांचा प्रवास. आचारी आणि शिधा आमचाच असतो, बाहेरचं फारसं खात नाही. तरी गेल्या वर्षी सहाव्या दिवशी रात्री अकरानंतर एकेक करत 14 जणांना जुलाब लागले. पोटात मुरडा, पण उलटी नाही, ताप नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे बरे. त्या दिवशी दुपारी दीडला आमचंच जेवण होतं (छोले, पोळी, भात) आणि चार वाजता एका टपरीवर ताक घेतलं होतं. ताकानंच घात केला असं सगळ्यांचं मत. काही जण नर्मदेच्या पाण्याला दोष देतात. यंदा निघण्याआधी सगळ्यांना पोटाच्या काळजीबद्दल ईमेल पाठवायचा आहे. माझ्या मसुद्यात 23 सूचना झाल्या आहेत. काय ठेवू, काय काढू? आणि जुलाबाच्या गोळ्या सगळ्यांना आधीच वाटून टाकू का?
— एक यात्रासंयोजक, ठाणे

नर्मदे हर!

उत्तर लिहायच्या आधी मी तुम्हाला दोन गोष्टी विचारल्या होत्या: छोले नेमके कधी शिजले, आणि ताक न पिणाऱ्यांपैकी कुणी आजारी पडलं का. तुम्ही आचाऱ्याला आणि सहप्रवाशांना फोन करून ताबडतोब कळवलंत, त्याबद्दल आभार. त्या दोन ओळींनी निम्मं काम झालं. छोले आदल्या रात्री नऊला शिजले, त्याच मोठ्या पातेल्यात झाकून ठेवले, पहाटे ‘गरम करून’ डब्यांत भरले आणि दुपारी वाढले. आणि आजारी 14 जणांपैकी पाच जणांनी ताकाला हातही लावला नव्हता.

म्हणजे ताकवाला बहुधा सुटला. मला संशय आहे तो तुमच्याच पातेल्याचा.

का, ते सांगते. बिघडलेल्या अन्नाचा त्रास किती तासांनी सुरू झाला आणि उलटी आधी की जुलाब आधी, यावरून बरंच ओळखता येतं. जेवल्यापासून एक ते सहा तासांत सपाटून उलट्या सुरू झाल्या, तर बहुतेक वेळा अन्नात जंतूंनी आधीच विष तयार करून ठेवलेलं असतं. उघडा राहिलेला पेढा किंवा बराच वेळ बाहेर पडलेला भात ही त्याची नेहमीची ठिकाणं. दूषित पाण्याचे जुलाब सहसा एक ते तीन दिवसांनी येतात, म्हणून त्याच रात्रीच्या जुलाबांचं खापर सकाळी घाटावर घेतलेल्या तीर्थावर फोडता येत नाही. आणि जेवणानंतर साधारण आठ ते बारा तासांनी मुरडा येऊन पातळ जुलाब, उलटी जवळजवळ नाही, ताप नाही, चोवीस तासांत सगळं शांत, हे चित्र एका जंतूचं आहे. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. तुमचं जेवण दीडला, त्रास अकराला: साडेनऊ तास. शौचाची तपासणी झालेली नसल्यामुळे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण दवाखान्यात हीच हकीकत कुणी सांगितली असती तरी मी आधी मोठं पातेलं कधी शिजलं होतं तेच विचारलं असतं.

हा जंतू मातीत, धुळीत, कडधान्यावर, मसाल्यात कुठेही असतो. शिजवताना तो मरतो, पण त्याची बीजं मरत नाहीत. ती कवच घालून उकळीतूनही तगतात. मग पातेलं गॅसवरून उतरतं. वाटीभर आमटी अर्ध्या तासात निवते, पण वीस लिटरचं झाकलेलं पातेलं मध्यभागी रात्रभर कोमट राहतं. पातेल्याच्या पोटात हवा नसते, आणि या जंतूला हवा नकोच असते. अंगाच्या तापापेक्षा थोड्या जास्त उबेत त्याची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होते. पहाटे चारला आचारी वरून हलवतो, वाफ दिसते, तो म्हणतो गरम झालं. कडेला झालेलं असतं, मध्ये नसतं. खालपासून वरपर्यंत खळखळून उकळलं असतं तर रात्रीत वाढलेले जंतू मेले असते आणि तुमची ती रात्र वाचली असती. भाताचं मात्र तसं नाही. शिळ्या भातात एकदा विष तयार झालं की ते उकळूनही जात नाही. म्हणून ‘परत उकळा’ हा सगळ्या पदार्थांचा इलाज समजू नका.

छोल्यांना वास आला नव्हता, चव बिघडली नव्हती, असं तुम्ही लिहिलंत. येतच नाही. नाकाला कळतं ते आंबणं. हा प्रकार आंबत नाही.

आता तुमच्या ईमेलकडे येते. तेवीस सूचना मी वाचल्या. त्यातली एकही चूक नाही, पण गेल्या वर्षीच्या त्या रात्री त्यांतली एकही कामी आली नसती, कारण ज्यांना ईमेल जातो त्यांच्या हातात ते पातेलं नव्हतंच. बाहेरचं न खाणाऱ्यांनीच तर छोले खाल्ले. म्हणून माझा पहिला सल्ला असा की दोन वेगळे कागद करा. एक आचाऱ्यासाठी, एक यात्रेकरूंसाठी. आचाऱ्याचा कागद जास्त महत्त्वाचा आहे आणि तो ईमेलने जाणार नाही. त्याच्यासोबत बसून बोलावं लागेल.

आचाऱ्याला एकच गोष्ट पटवा: रात्री भिजवायचं, शिजवायचं पहाटे. शिजल्यापासून दोन तासांत पंगत बसत असेल तर उसळ, आमटी, भात काहीही चालेल. पहाटे पाचला बस सुटणार आणि जेवण दीडला रस्त्यात, असा दिवस असेल तर त्या दिवशी ओला पदार्थ डब्यात भरायचाच नाही. त्या दिवसाचा शिधा कोरडा: धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे, केळी. जंतूंना वाढायला पाणी लागतं आणि कोरड्या चटणीत ते नसतं. आपल्या आज्या प्रवासाला दशम्या आणि कोरडी चटणी बांधून देत, ते चवीसाठी नव्हतं. उरलेलं ओलं अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. गाईला घाला, गरजूला ताजं असतानाच द्या, पण पातेल्यात झाकून बसच्या डिकीत ठेवू नका. आणि रात्री शिजवण्याला पर्यायच नसेल, तर निदान मोठ्या पातेल्यातून तीन-चार परातींत दोन बोटं उंचीचा थर करून ओतायला सांगा म्हणजे लवकर निवेल, आणि सकाळी थोडं थोडं घेऊन खळखळून उकळायला सांगा. हा दुय्यम मार्ग आहे. बर्फाची सोय नसलेल्या प्रवासात मला तो फारसा आवडत नाही.

वाढणाऱ्या हातांबद्दल एक वाक्य. आचारी किंवा वाढपी यांपैकी कुणाला जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावरही दोन दिवस त्याला भांड्यांपासून दूर ठेवायचं. त्याची मजुरी कापणार नाही असं आधीच सांगा. नाहीतर तो सांगणारच नाही.

यात्रेकरूंचा ईमेल आता आखूड करता येईल. तो साधारण असा लिहा, शब्द हवे तसे बदला:

नर्मदे हर! आपली बस निघायला दोन आठवडे आहेत. पोटाबद्दल चारच गोष्टी सांगायच्या आहेत, कृपया शेवटपर्यंत वाचा.

पहिली, पाणी. बसमध्ये पिण्याच्या पाण्याचे सीलबंद जार असतील, तेच पाणी बाटलीत भरून घ्या. दर अडीच तासांनी बस स्वच्छतागृहासाठी थांबेल आणि पुढचा थांबा कुठे, किती वाजता, हे मी प्रत्येक वेळी माइकवरून सांगेन. त्यामुळे पाणी कमी पिऊन बसू नका. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय असं समजा. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.

दुसरी, हात. जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवायचे आहेत. पंगतीआधी बसच्या दाराशी नळाचा जार आणि साबण ठेवलेला असेल. सॅनिटायझर जवळ असला तरी साबण चुकवू नका.

तिसरी, तीर्थ. आचमन अवश्य करा. आचमनाचं पाणी उडदाचा दाणा बुडेल एवढंच असतं. तेवढंच घ्या. तहान भागवायला घाटावरचं पाणी पिऊ नका, आणि पूजेची बाटली व पिण्याची बाटली वेगळी ठेवा.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची: पोट बिघडलं तर पहिल्याच जुलाबाला मला सांगा, दिवस असो वा रात्र. लाजू नका. कुणालाही बसमधून उतरवून घरी पाठवलं जाणार नाही. तुमची नेहमीची औषधं कोणती, हे सोबतच्या फॉर्मवर लिहून आठ दिवसांत पाठवा, आणि जुलाब-उलट्या झाल्या तर त्यांतली कोणती काही काळ थांबवायची हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून तेही फॉर्मवर लिहा.

ईमेल इथे संपवा. यातल्या दोन मुद्द्यांमागचं कारण मात्र तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण बसमध्ये प्रश्न तुम्हालाच विचारले जातील.

पाण्याचा मुद्दा मी पहिला ठेवला, कारण माझ्याकडे यात्रेहून परतलेल्या बायका येतात त्या जुलाबाच्या तक्रारी घेऊन कमी आणि बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, डोकेदुखी घेऊन जास्त. कारण विचारलं की सगळ्या एकच सांगतात: ‘बस कधी थांबेल माहीत नव्हतं, म्हणून पाणीच प्यायले नाही.’ पाण्याबद्दल कितीही उपदेश केला तरी थांब्याची वेळ माहीत असल्याशिवाय त्या पिणार नाहीत. माइकवरची ती घोषणा म्हणूनच औषध आहे. शौचाचंही तसंच. सकाळी काहीतरी गरम पोटात गेलं की आतड्याला जाग येते आणि वीस-तीस मिनिटांत कळ येते. चहा देऊन दहाव्या मिनिटाला बस हलवलीत तर ती कळ दाबली जाते, आणि तीन दिवस दाबली गेली की चौथ्या दिवशी येतच नाही. चहा आणि प्रस्थान यांत पाऊण तास ठेवा. पहाटे पाचचं प्रस्थान असेल तर चहा सव्वाचारला. इसबगोल घेणाऱ्यांना सांगा की त्यासोबत मोठा पेलाभर पाणी नसेल तर ते न घेतलेलंच बरं.

नर्मदा सागराला मिळते तिथे कठपोरहून मिठीतलाईला जाणारी होडी हा यातला सगळ्यांत अवघड दिवस. ती भरतीच्या वेळेवर सुटते, किनाऱ्यावर तासन्तास ताटकळावं लागू शकतं, मग समुद्रात तीन-चार तास, आणि होडीत स्वच्छतागृह नाही. त्या दिवशी लोक आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात आणि उन्हात बसतात. सरसकट तोडायची गरज नाही. होडीच्या दोन तास आधीपर्यंत नेहमीसारखं प्यावं, मग घोट घोट, आणि चढण्याआधी सगळ्यांना मोकळं होऊन येऊ द्यावं. ज्यांना बोट लागते त्यांनी उलटीची गोळी अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर तिचा फारसा उपयोग नाही. मात्र या गोळ्यांनी झोप येते आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी अडू शकते, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता गोळ्या वाटण्याबद्दल. वाटू नका. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी आतड्याची हालचाल मंदावते. साध्या पाण्यासारख्या जुलाबात, ताप नसताना, होडीच्या दिवशी एखाद्याला ती उपयोगी पडेल. पण शौचात रक्त किंवा अंगात ताप असेल तर तीच गोळी रोग आत कोंडते. हा फरक रात्री दोन वाजता धर्मशाळेत यात्रेकरूने स्वतः करावा ही अपेक्षा चुकीची आहे. गोळ्या एकाच डब्यात, डबा तुमच्याकडे, आणि फोनवर एक डॉक्टर, जो निघण्याआधीच ठरलेला असेल. अँटिबायोटिकचं तर नावच काढू नका. गेल्या वर्षीच्या तुमच्या चौदाही जणांना त्याची गरज नव्हती, ते आपोआप बरे झाले.

वाटायचंच असेल तर ओआरएस वाटा. माणशी एक-एक लिटरची दोन पाकिटं. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाइन संपत आलं तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून कॉलऱ्याच्या रुग्णांना पाजलं आणि मृत्यू कितीतरी पटींनी कमी झाले. जुलाब चालू असतानाही आतडं साखरेसोबत मीठ आत ओढतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं, म्हणून हे जमतं. पण हे प्रमाण बरोबर असेल तरच होतं. आणि मला दिसणारी चूक नेहमी तीच असते: लोक लिटरचं पाकीट पेल्यात ओततात, किंवा चमचाभर काढून बाकीचं खिशात ठेवतात. पेल्यात ओतलं तर ते इतकं खारट होतं की जुलाब वाढतात, आणि वयस्कर माणसाच्या रक्तात मीठ चढतं. एक लिटरची रिकामी बाटली, तीत लिटरभर पिण्याचं पाणी, त्यात अख्खं पाकीट. चोवीस तासांत उरलं तर फेकायचं. प्रत्येक जुलाबानंतर एक पेला. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून मग चमच्या-चमच्याने. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. खोक्यांत मिळणारी गोड फळांची पेयं हे काम करत नाहीत. त्यांत साखर इतकी जास्त असते की पाणी उलट बाहेर ओढलं जातं. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेलं आहे ना, तेवढं पाहून घ्या. मधुमेह्यांनाही जुलाबात हेच द्यायचं. त्यातली साखर थोडी आणि औषधापुरती असते.

औषधांच्या फॉर्मचा आग्रह मी यासाठी धरला. तुमच्या 42 जणांत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे वीसेक तरी निघतील. त्यांतल्या काही लघवी वाढवणाऱ्या असतात. दिवसभर जुलाब होत असताना रोजच्या शिस्तीने ती गोळी घेतली तर अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं, रक्तदाब कोसळतो, माणूस स्वच्छतागृहाच्या दारात चक्कर येऊन पडतो आणि मांडीचं हाड मोडतं. मधुमेहाच्या काही गोळ्याही अशा दिवशी थांबवाव्या लागतात. इन्सुलिन मात्र कुणी स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नये. कोणती थांबवायची, कोणती नाही, हे ज्याचं त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचं, पण निघण्याआधी.

रुग्णालयात कधी न्यायचं, हे मी तुमच्यासाठी लिहिते, ईमेलमध्ये घालू नका, लोक घाबरतात. शौचात रक्त, 101 च्या वर ताप, चमच्यानेही पाणी न टिकणं, आठ तास लघवी नाही, बोलण्यात गोंधळ, भाताच्या पेजेसारखे, थांबतच नाहीत असे जुलाब. यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात, तिन्हीकडे 108 हाच क्रमांक लागतो.

यात परिक्रमेची एक खास अडचण आहे आणि ती तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण तुमच्या मनात असणारच: मैया ओलांडायची नाही. रुग्ण दक्षिण तटावर आणि जवळचं रुग्णालय उत्तर तटावर, अशी वेळ आली तर गाडीत वाद होतो, आणि मी ऐकलेल्या एका प्रसंगात त्या वादात दोन तास गेले. तो वाद ठाण्यातच मिटवा. दक्षिण तटावर बडवानी, अंकलेश्वर, नर्मदापुरम, हरदा, उत्तर तटावर भरूच, जबलपूर अशा गावांतल्या रुग्णालयांचे पत्ते मुक्कामांच्या यादीशेजारी आधीच लिहून ठेवा, म्हणजे बहुतेक वेळा ओलांडायची पाळीच येणार नाही. आणि आली, तर रुग्ण आणि त्याच्यासोबत एक जण पूल ओलांडेल, बाकीची बस त्याच तटावर राहील, हे पहिल्या दिवशी ओंकारेश्वरला संकल्प सोडायच्या आधी सगळ्यांसमोर सांगून टाका. संकल्प सोडल्यावर सांगितलंत तर कुणीच ऐकणार नाही.

पूजेच्या बाटलीचं वाक्य ईमेलमध्ये का आलं, तेही सांगते. ओंकारेश्वरला भरलेलं आणि पुढे सागराचं पाणी मिसळलेलं ते जल सोळा दिवस बसमध्येच असतं, बहुतेकांचं साध्या पाण्याच्याच बाटलीत. माझ्या एका रुग्णाने दुपारच्या उन्हात झोपेतून उठून शेजारणीची तीच बाटली तोंडाला लावली. त्यांच्या पोटाला काहीही झालं नाही. शेजारीण मात्र पुढचे नऊ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बाटलीच्या गळ्याला लाल धागा बांधायला सांगा.